मळखाऊही हवं आणि लांबून दिसायलाही हवं: दप्तर, डबा आणि रेनकोट कित्येक महिने वापरून झाल्यावर

लहान मुलांसाठी वस्तू घ्यायला निघालं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे मळखाऊ रंग घे, आणि दुसरा म्हणजे लांबून नजरेत भरेल असं काहीतरी घे. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. मळखाऊ म्हणून आपण जे रंग डोळे मिटून उचलतो, गडद निळा, तपकिरी, शेवाळी, तेच रंग ढगाळ संध्याकाळी ओल्या रस्त्यात मिसळून जातात. आणि जे रंग रस्त्यावर उठून दिसतात त्यांच्यावर पहिल्या आठवड्यातच चिखल, तेल आणि शाई सगळं मांडून ठेवल्यासारखं दिसतं.

माझी मुलगी यंदा पहिल्यांदाच स्वतः दप्तर पाठीवर घेऊन चालत शाळेत जायला लागली, म्हणून मी या तीन वस्तू रंगाच्या हिशेबाने निवडल्या. आता सगळा पावसाळा आणि त्यानंतरचे महिने वापर झाला आहे. मला पटलेली गोष्ट अशी की घाण लागते त्या जागा वेगळ्या आणि दिसायला हव्यात त्या जागा वेगळ्या. त्यामुळे एकच मधला रंग शोधत बसण्यापेक्षा एकाच वस्तूवर दोन रंग योग्य जागी असलेले घ्यावेत.

दप्तराचंच बघा. ते जमिनीवर टेकतं तळाने, आणि मुलं ते आडवं टाकतात तेव्हा घासतात तळाचे कोपरे. मागून येणाऱ्या गाडीवाल्याला मात्र दिसतो वरचा आणि मधला भाग. आमच्या दप्तराचा तळ आणि तिथून चार बोटं वरपर्यंतचा भाग करड्या मिश्र विणीचा आहे, म्हणजे फिका आणि गडद असे दोन धागे एकत्र विणलेलं कापड. त्याच्या वरचा सगळा भाग चमकदार केशरी. मिश्र विणीचा फायदा मला वापरताना नीट कळला. सपाट एकरंगी कापडावर डागाची कड दिसते आणि नजर त्या कडेवरच अडकते. मिश्र विणीत डागाला कडच राहत नाही. मैत्रिणीच्या मुलाचं काळं दप्तर रोज शेजारी दिसायचं, त्यावर वाळलेली धूळ पांढुरकी होऊन उठून दिसते. काळा रंग तेल लपवतो, धूळ नाही. शाळेच्या दप्तराला तेलापेक्षा धूळच जास्त लागते.

केशरी भागावर मळ बसला तो अगदी दोनच ठिकाणी: चेनच्या पुलरभोवती आणि हातात धरायच्या वरच्या बंदाच्या मुळाशी. दोन्हीकडे मळ तेलकट, हाताचा. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासलं की तो निघतो. म्हणून पाहताना एवढं नक्की बघा की बंद, खांद्याच्या पट्ट्यांची आतली बाजू आणि चेनच्या कडा गडद आहेत ना. आतलं अस्तर मात्र फिकं राखाडी असावं. काळ्या अस्तरात खोडरबर सापडत नाही, पांढऱ्यावर पेन्सिलीची काजळी दिसते, आणि राखाडीवर वस्तू दिसतात पण काजळी दिसत नाही.

आता केशरीच का, आणि नुसता केशरी का चालत नाही, हे जरा सविस्तर सांगते. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो पोपटीकडे झुकणारा पिवळा, साधारण 555 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड. अंधारात हा बिंदू सरकून 507 च्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याकडे जातो. त्यामुळे तिन्हीसांजेला सगळ्यात आधी मावळतो तो लाल. दुकानात झगमगणारं लाल दप्तर संध्याकाळी काळपट दिसतं ते यामुळेच. साधा केशरीही याच वाटेने जातो. टिकतो तो फ्लुरोसंट केशरी, कारण त्यातलं रंगद्रव्य डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण आणि निळा उजेड शोषून घेतं आणि दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतं. ढगाळ हवेत आणि संधिप्रकाशात हे किरण पुरेसे मिळतात, म्हणून नेमकं तेव्हाच हे कापड उठून दिसतं.

फ्लुरोसंट ओळखायची सोपी रीत आहे. वस्तू सावलीत न्या आणि शेजारी कोरा पांढरा कागद धरा. खरा फ्लुरोसंट रंग कागदापेक्षाही उजळ, आतून पेटल्यासारखा दिसतो. साधा भडक रंग कागदापेक्षा गडदच राहतो. भर उन्हात किंवा दुकानाच्या दिव्यांखाली हा फरक नीट कळत नाही.

पोपटी-पिवळा न घेता दप्तराला केशरी घेण्याची दोन कारणं होती. शाळेच्या वाटेवर झाडं आणि गवत असेल तर पोपटी त्यात हरवतो, केशरी हरवत नाही. दुसरं म्हणजे चिखलाचा तपकिरी रंग केशरीच्याच घराण्यातला, त्यामुळे शिंतोडे पिवळ्यावर जितके खुपतात तितके केशरीवर खुपत नाहीत. किती भाग चमकदार हवा याचा अंदाज हवा असेल तर जर्मनीत शाळेच्या दप्तरांसाठी डीआयएन 58124 हे मानक आहे. त्यात पुढच्या आणि बाजूच्या पृष्ठभागापैकी किमान 20 टक्के फ्लुरोसंट आणि 10 टक्के प्रकाश परतवणारा असावा असं आहे. आपण पाहत असलेलं दप्तर त्या मानकाचं नसलं तरी नजरेने एवढा हिशेब सहज करता येतो. कोपऱ्यातली बोटभर पट्टी पुरेशी नाही, हे त्यावरून लगेच लक्षात येतं.

पण हे सगळं कोरड्या दिवसाचं झालं. पाऊस आला की रेनकोट दप्तरावरून घातला जातो, आणि दप्तराचा केशरी रंग, त्यावरच्या पट्ट्या, सगळं झाकलं जातं. ज्या दिवशी दिसणं सगळ्यात अवघड, त्या दिवशी दप्तराचा काहीच उपयोग नाही. म्हणून तिन्ही वस्तूंपैकी जिथे रंगाबाबत अजिबात तडजोड करू नये अशी वस्तू माझ्या मते रेनकोट आहे. पारदर्शक रेनकोटमधून आतलं दप्तर दिसेल ही आशाही फारशी खरी नाही. नवा असताना दिसतं, पण घड्या पडल्या आणि आतून दमट वाफ धरली की तो धुरकट होतो.

आमचा रेनकोट फ्लुरोसंट पोपटी-पिवळा, पाठीवर दप्तरासाठी घोळ असलेला, आणि खालची वीतभर पट्टी गडद राखाडी. इथे पिवळा चालतो, कारण पावसात पार्श्वभूमी ओल्या डांबराची असते, काळपट. चिखल उडतो तो मुख्यतः मुलांच्या स्वतःच्याच टाचांमुळे, मागच्या बाजूला आणि खालच्या वीतभर भागात. तेवढा भाग गडद असला की वरचा पिवळा आश्चर्य वाटेल इतका स्वच्छ राहतो. उरलेली घाण बाह्यांच्या टोकांना लागते. ती टोकंही गडद मिळाली तर उत्तमच, आमची नाहीत आणि तिथला करडेपणा आता जात नाही.

अंधार पडल्यावर फ्लुरोसंटची मदत संपते, कारण गाडीच्या दिव्यात त्याला लागणारे किरण फारसे नसतात. तिथून पुढे काम रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांचं. या पट्ट्या उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. दिसायला मात्र कितीतरी पट्ट्या नुसत्या राखाडी कापडाच्या असतात. खात्री करायला खोली अंधारी करा, आठ-दहा पावलं लांब उभं राहा आणि फ्लॅश लावून फोनने फोटो काढा. खरी पट्टी फोटोत पांढरी पेटते, खोटी राखाडीच राहते. मग पट्टीवर पाणी मारून तोच फोटो पुन्हा काढा. काचेच्या बारीक उघड्या मण्यांची पट्टी ओली झाली की पाण्याच्या थरामुळे किरण नीट वळत नाहीत आणि ती मंदावते. वर पारदर्शक थर असलेली, हात लावल्यावर गुळगुळीत आणि जवळून पाहिल्यावर बारीक चौकटींची नक्षी दिसणारी पट्टी ओली असतानाही बरीच टिकून राहते. रेनकोटला अर्थातच ही दुसरी हवी.

पट्टीची जागाही बघा. आमच्या रेनकोटला एक पट्टी पाठीवर, दप्तराच्या फुगवट्याच्या वर, एकेक दोन्ही बाह्यांवर आणि एक अगदी खालच्या काठाला आहे. पावसाच्या दिवशी घरी येईपर्यंत खालची पट्टी चिखलाने झाकलेली असते, फोटोत ती जवळजवळ दिसतच नाही. बाह्यांवरच्या पट्ट्या हलतात म्हणून पटकन लक्ष वेधतात. चिखल कापडावर वाळू द्यावा आणि मग झटकावा हे खरं, पण पट्टीवरचा चिखल ओला असतानाच मऊ फडक्याने टिपून घ्यावा. वाळल्यावर घासलं की पट्टीवर ओरखडे येतात.

इतक्या महिन्यांनंतरची तक्रार एकच, पण मोठी. रेनकोटचा रंग खांद्यांवर आणि टोपीवर स्पष्ट उतरला आहे. खिशाच्या झाकणाखालचं कापड अजून तसंच झळझळीत आहे, त्यामुळे शेजारी धरलं की फरक लगेच दिसतो. फ्लुरोसंट रंगद्रव्यं उन्हात लवकर मरतात. रेनकोट उलटा करून सावलीत वाळवायला लागल्यापासून उतरणं कमी झालं आहे. कोपराशी घडी पडते तिथे पट्टीलाही बारीक चिरा गेल्या आहेत, म्हणून आता तो घडी न घालता टांगूनच ठेवते.

डब्याचा नियम मात्र उलटा आहे. डब्यात घाण लपता कामा नये, दिसली पाहिजे. झाकणाची रबरी रिंग गडद असेल तर तिच्या खाचेतली काळी बुरशी कळतच नाही, म्हणून रिंग पांढरी किंवा फिकी घ्यावी आणि आठवड्यातून एकदा तरी काढून खाच तपासावी. आमच्या पांढऱ्या रिंगवर एकदा काळे ठिपके दिसले आणि ती लगेच बदलता आली. आतला डबा स्टीलचा असेल तर रंगाचा प्रश्नच मिटतो. प्लास्टिकचा असेल तर हळदीचा पिवळा आणि टोमॅटोचा लाल रंग तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये मुरतो, विशेषतः अन्न गरम असताना. हळदीचा डाग धुऊन उन्हात ठेवला की फिका पडतो, म्हणजे रेनकोटला नडणारं ऊन इथे कामाला येतं. डब्याच्या पिशवीचं अस्तर याच कारणासाठी फिकं असावं, बाहेरून ती कुठल्याही मळखाऊ रंगाची चालते.

ही पिशवी दप्तरात असते, रस्त्यावर ती कुणाला दिसायची गरज नाही. म्हणून तिचा रंग मी मुलीवर सोडला. तिने जांभळ्यावर पांढरी फुलं असलेली निवडली. फुलांच्या नक्षीत डाग खरोखरच मिसळून जातात, आणि वर्गातल्या सगळ्या डब्यांच्या रांगेत तिला तिची पिशवी लांबून ओळखू येते.

पुढच्या मापाचा रेनकोट घेताना रंग हेच ठेवणार आहे, फक्त बाह्यांची टोकं गडद आणि काठाऐवजी कमरेला पट्टी असलेला शोधेन. दप्तर अजून दोन वर्षं सहज जाईल असं दिसतंय.