फिलोमिनो: आकड्यापासून वाढायचं की रिकाम्या घरापासून?

फिलोमिनो या आकड्यांच्या कोड्यात चौकटीतली घरं अशी भरायची, की प्रत्येक आकडा त्याच्या जोडलेल्या गटात किती घरं आहेत ते सांगेल. सुरुवातीला दिलेल्या आकड्यापासूनच निघावं, विशेषतः कोपऱ्यातल्या. समजा वरच्या डाव्या कोपऱ्यात ३ आहे आणि उजवीकडे १. मग ३ ला खाली उतरण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणजे खालचं घरही ३. त्याच्याही खाली २ दिलेला असेल, तर तिसरं घर उजवीकडेच येणार. गट पूर्ण झाला, आता त्याला चिकटलेल्या इतर कोणत्याही घरात ३ येणार नाही.

पण शेवटाकडे ही पद्धत अडकते, कारण काही गटांत दिलेला आकडा एकही नसतो. (नवखे नेमके इथेच फसतात.) तेव्हा उलटं विचारायचं: या रिकाम्या घरापर्यंत कोण पोचू शकतं? पूर्ण झालेल्या गटांनी वेढलेली दोन जोड घरं घ्या. दोन्हींत १ चालत नाही, कारण सारख्या आकाराचे गट कडेला कड लावून राहू शकत नाहीत. बाहेरचं कुणी आत येत नाही. म्हणून तिथे २-२ च. त्यांना शेजारचा २ चिकटत असेल, तर चूक आधीच कुठेतरी झालीय. एका ओळीतली तीन घरं मात्र ३-३-३, १-२-२ किंवा २-२-१ होऊ शकतात. तिथे निकाल शेजारच्या आकड्यांवर.