"12 वर्षं ताबा आहे, जागा आपलीच" म्हणून जागा विकणाऱ्यांपासून सावध राहा

हे लिहितोय कारण हाच प्रकार आता आमच्या तालुक्यात अजून दोघा-तिघांच्या बाबतीत चाललाय, आणि दरवेळी एजंटचं बोलणं शब्दन् शब्द तेच असतं.

2020 मध्ये माझ्या मोठ्या भावाला, दादाला, गावाबाहेरच्या रस्त्याला लागून तीन गुंठे जागा आणि त्यावरचं पत्र्याचं छोटं घर 9 लाखांना दिलं. सातबारावर नाव मुंबईत राहणाऱ्या मालकाचं, आणि विकणारा म्हणजे तिथे 2005 पासून राहणारा माणूस. एजंटने सांगितलं की बघा, लाईट बिल याच्या नावावर, घरपट्टीच्या पावत्या याच्या नावावर, 15 वर्षं झाली, कायद्याने 12 वर्षांत मालकी मिळते, सातबारा काय नंतर होईल. वर सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या निकालाची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मग नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर "कब्जा पावती" केली, पैसे घेतले. दादाने तारेचं कुंपण घातलं, नावाचा बोर्ड लावला. 2022 मध्ये मालकाच्या मुलाने कोर्टात दावा टाकला आणि आम्ही तो हरलो.

आता यात नेमकी थाप कुठे होती ते नीट सांगतो, कारण एजंटचं प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं आणि लोक तिथेच अडकतात.

12 वर्षं हा आकडा खरा आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात कलम 65 आहे (ते कायद्याच्या शेवटच्या परिशिष्टात आहे, तिथे प्रत्येक प्रकारच्या दाव्याला किती मुदत ते दिलंय). त्यात म्हटलंय की मालकाने मालकीच्या जोरावर ताबा परत मागायचा दावा 12 वर्षांत करायचा. पण कधीपासून 12 वर्षं? समोरचा माणूस राहायला आला त्या दिवसापासून नाही, तर त्याचा ताबा मालकाच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून. ती मुदत गेली की कलम 27 प्रमाणे मालकाचा त्या जागेवरचा हक्कच संपतो. म्हणजे कायदा कब्जेदाराला बक्षीस म्हणून जमीन देत नाही, झोपून राहिलेल्या मालकाचा दावा मुदतबाह्य होतो आणि त्यातून कब्जेदाराचा हक्क उभा राहतो. सरकारी जमिनीला तर 12 नाहीच, तिथे सरकारला दाव्यासाठी 30 वर्षं आहेत, त्यामुळे गायरानावर कोणी हीच गोष्ट सांगत असेल तर तिथूनच उठा.

आता "विरुद्ध" म्हणजे काय? ताबा उघड पाहिजे, सलग पाहिजे, आणि मालकाची मालकी नाकारून "ही जागा माझी" असा पाहिजे. मालकाच्या परवानगीने राहिलात तर 15 काय 50 वर्षं राहा, घड्याळ सुरूच होत नाही. भाडेकरू, रखवालदार, नातेवाईक म्हणून राहू दिलेला माणूस, सगळे यातच येतात. गोव्यातल्या एका घराच्या केसमध्ये बहिणीच्या घरात भाऊ राहत होता, तिथे 2012 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की केअरटेकर, वॉचमन, नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला जागेत हक्क येत नाही.

आमच्या केसमध्ये हेच निघालं. विकणाऱ्याला मालकाने राखणीला ठेवला होता. मालकाच्या मुलाने कोर्टात दरमहा पगार दिल्याच्या सह्या असलेली वही आणली, 2013 पर्यंतच्या नोंदी होत्या. त्यापेक्षा जास्त लागलं ते ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावरून. एजंटने जी घरपट्टी नाचवली ती याच उताऱ्यावरची, पण त्याने दाखवल्या फक्त पावत्या. उताऱ्यावर दोन वेगळे रकाने होते, एकात मालक म्हणून मुंबईवाल्याचं नाव आणि दुसऱ्यात भोगवटादार म्हणून विकणाऱ्याचं नाव, आणि ही नोंद विकणाऱ्याने स्वतःच्या सहीच्या अर्जावरून करून घेतलेली. म्हणजे तो माणूस वर्षानुवर्षं कागदावर लिहून देत होता की मालक दुसरा आहे आणि मी फक्त राहतो. अशी कबुली असली की विरुद्ध ताब्याची गोष्टच संपली.

मग हिशोब बघा. 2005 ते 2013 पगारी राखण, शून्य वर्षं. 2013 नंतर पगार बंद झाला तरी त्याने मालकाला "आता ही माझी" असं कधी सांगितलं, कळवलं, दाखवलं याचा एकही पुरावा नाही, नुसतं राहत राहिला म्हणजे परवानगीच चालू. मालकी उघड नाकारली गेली ती दादाने कुंपण आणि बोर्ड लावला तेव्हा, 2020 मध्ये. दावा आला 2022 ला. झाली दोन वर्षं. आधीच्या कब्जेदाराची वर्षं पुढच्याच्या वर्षांत मिळवता येतात हे पण खरं आहे, पण मिळवायला आधीच्याकडे विरुद्ध ताब्याची वर्षं असायला हवीत ना, त्याच्याकडे होतंच काय.

2019 चा निकाल खोटा नाही. आधी असं मानलं जायचं की विरुद्ध ताबा फक्त बचावात सांगता येतो, त्या निकालाने सांगितलं की मुदत पूर्ण झालेला कब्जेदार स्वतः वादी म्हणूनही दावा करू शकतो. पण सिद्ध करायचं ओझं त्याच्यावरच, कोणत्या तारखेला ताबा विरुद्ध झाला, मालकाला तो कळण्यासारखा होता का, सगळं. 12 वर्षं झाली म्हणून कोणी तलाठ्याकडे जाऊन सातबारावर नाव चढवून आणत नाही, दिवाणी कोर्टाची डिक्री लागते. म्हणून असा कोणी विकायला आला तर एकच कागद मागा, डिक्री. ती नसेल तर तो तुम्हाला जागा नाही, एक कोर्टकेस विकतोय. आणि नोटरी केलेल्या कब्जा पावतीने मालकी येत नाही, त्याला रजिस्टर्ड खरेदीखतच लागतं.

ज्यांच्या जागा गावी पडून आहेत आणि आपण पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहात त्यांनी उलट बाजूने हे वाचा. राखणीला ठेवलेल्याकडून परवानगीने राहतोय असं लिहून घ्या, पगाराच्या सह्या जपून ठेवा. कोणी खरंच कुंपण घालून बसला असेल तर नुसत्या नोटिसा पाठवत बसू नका, नोटिशीने मुदत थांबत नाही, दावा दाखल झाला तरच थांबते.

पोलिसांनी आम्हाला सिव्हिल मॅटर म्हणून परत पाठवलं, शेवटी वकिलांमार्फत कोर्टात फौजदारी तक्रार केली. 9 लाख परत मिळवायला विकणारा आणि एजंट दोघांवर वेगळा दावा टाकलाय, कारण पैशाच्या दाव्याला मुदत फक्त 3 वर्षं असते आणि फसवणूक कळली तिथून ती सुरू होते, मूळ केसचा निकाल लागेपर्यंत थांबलो असतो तर ते पण गेलं असतं. एजंटने कैफियतीत लिहिलंय की त्याने फक्त ओळख करून दिली. ते व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आम्ही कोर्टात दिलेत, पुढची तारीख साक्षीपुराव्याची आहे.