वायव्य कोपरा की किमान खर्च: सुरुवातीचा आराखडा कशाने मांडावा?

वाहतूक समस्येत पुरवठ्याच्या ठिकाणांहून मागणीच्या ठिकाणी माल कमीत कमी खर्चात पोहोचवायचा असतो; या दोन पद्धती त्याचा पहिला आराखडा देतात. पुरवठा: अ २०, ब ३०. मागणी: क १०, ख २५, ग १५. क, ख, ग यांसाठी प्रति नग दर अ कडून ८, ६, २ आणि ब कडून ३, ५, ७.

वायव्य कोपरा दराकडे बघतच नाही. डावीकडच्या वरच्या चौकटीपासून अक, म्हणजे अ कडून क ला, १०, अख १०, बख १५, बग १५ भरत जायचं. खर्च ३२०.

किमान खर्चात सगळ्यात स्वस्त चौकट आधी: अग १५, बक १०, बख २०, उरलेले अख ५. खर्च १९०, आणि इथे तोच इष्टतम. नेहमी तसं होत नाही. स्वस्ताच्या मोहात शेवटी महागडी चौकट गळ्यात पडते.

ओळ आणि स्तंभ एकदमच संपले तर एकच खोडा. नाहीतर इथे लागणाऱ्या चार चौकटी भरत नाहीत आणि आराखडा इष्टतम आहे का ही पुढची तपासणी अडते.

हाताने सोडवताना किमान खर्च घ्या. प्रोग्रामला फक्त चालणारी सुरुवात हवी असेल, तर वायव्य कोपरा पुरतो.