ड्रेन कॅमेऱ्याचं लॉगिंग जागेवरच करायचं की नंतर व्हिडिओ बघून?

क्रॉलर कॅमेऱ्याने, म्हणजे पाइपातून चालणाऱ्या छोट्या गाडीवरच्या कॅमेऱ्याने, पाइप तपासताना नोंदी करायच्या दोन पद्धती आहेत. एक, ऑपरेटर गाडी चालवतानाच स्क्रीन बघून नोंद करतो. दुसरी, तो फक्त रेकॉर्डिंग करतो आणि ऑफिसात कोणीतरी निवांत बसून क्रॅक, ब्लॉकेज आणि अंतर लिहितं.

दुसरीत पॉज करता येतं, मागे घेता येतं, घाई नसते, त्यामुळे बारीक क्रॅक कमी सुटतात हे खरंच. पण कॅमेऱ्याने जे बघितलंच नाही ते ऑफिसात कितीही पॉज केलं तरी दिसणार नाही. जॉइंटवर काळी रेघ दिसली तर ती क्रॅक आहे की चिकटलेलं बारीक मूळ, हे तिथेच थांबून कॅमेऱ्याचं डोकं वळवून झूम केलं तरच कळतं, आणि अंतरही तेव्हाच नीट मिळतं कारण समोर दूरवर क्रॅक दिसते त्या क्षणी स्क्रीनवरचा आकडा क्रॅकचा नसतो, कॅमेऱ्याचा असतो.

अंतराच्या तपासणीला मात्र ऑफिसच बरं. समजा दोन मॅनहोलमध्ये जमिनीवर टेपने 47 मीटर भरले आणि काउंटर शेवटी 45.4 दाखवतोय. म्हणजे 1.6 मीटर कुठेतरी गेले, बहुतेक चिखलाने माखलेली केबल काउंटरच्या चाकावरून न फिरवता घसरली. लोक ही चूक सगळ्या लांबीवर सारखी वाटून टाकतात, तसं करू नका. पाइप 2.5 मीटरचे असतील तर जॉइंट मोजत जा: 20.0, 22.5 आणि मग एकदम 23.4! पुढे परत 25.9, 28.4 असं नीट चाललंय. म्हणजे घसरण 22.5 नंतरच झाली, त्यामुळे 28.4 च्या जॉइंटवरची क्रॅक खरी 30.0 वर आहे. वाटून काढलं असतं तर साधारण 29.4 आलं असतं आणि खड्डा अर्ध्या मीटरहून जास्त चुकला असता. हे गाडी चालवता चालवता कोणाच्या लक्षात येणार?

ब्लॉकेजचा विषय सोपा आहे, तो जागेवरच नोंदवा. गाडी पुढे जाईना तर तो आकडा लिहून दुसऱ्या मॅनहोलमधून उलटं यायचं, आणि त्या बाजूचं अंतर एकूण लांबीतून वजा केलं की अडथळ्याची दोन्ही टोकं मिळतात. ऑफिसात हे कळलं तर गाडी परत न्यावी लागते.

एकच पद्धत परवडत असेल तर मी जागेवरची घेईन, पण अट एकच, ऑपरेटरने प्रत्येक शंकेच्या जागी थांबायचं, आणि व्हिडिओवर अंतराचा आकडा सतत दिसत राहिला पाहिजे. दोन्ही जमत असेल तर जागेवर दोष आणि घड्याळाची दिशा (12 म्हणजे पाइपचा माथा) लिहायची, आणि अंतर ऑफिसात जॉइंट मोजून पक्कं करायचं.