मुलाच्या कोपराच्या घडीत कोरडा लाल चट्टा: मॉइश्चरायझर, स्टेरॉइड, टॅक्रोलिमस की मेडिकलमधली ट्यूब?

साधारण दोन वर्षांच्या पुढच्या मुलांत एक्झिमा (इसब) ठरावीक जागा धरतो: दोन्ही कोपरांच्या आतल्या घड्या, गुडघ्यामागच्या लवणी, मनगट, मान. त्याआधी, तान्हेपणी, तो बहुधा गालांवर असतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर चट्टा लालच दिसेल असं नाही. जांभळट किंवा राखाडी-तपकिरीही दिसतो. म्हणून रंगापेक्षा हाताला लागणारा खरखरीतपणा आणि मुलाचं खाजवणं जास्त सांगून जातं.

कोणतं मलम हे ठरवण्याआधी हा एक्झिमाच आहे ना, एवढं पाहून घ्यावं. एक्झिमा बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो आणि त्याची कड पुसट असते, म्हणजे चट्टा कुठे संपला ते नेमकं दाखवता येत नाही. नायटा, म्हणजे गजकर्ण, बहुधा एका बाजूला सुरू होतो. त्याची कड उठावदार व गोलसर असते आणि मधला भाग निवळलेला दिसतो. बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीभोवती पुळ्या असतील, रात्री खाज असह्य होत असेल आणि घरातले इतरही खाजवत असतील, तर खरजेचा संशय घ्यावा. या तिघांचे उपचार वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर रोग चिघळतो.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ ट्यूबचा धोका इथेच आहे. अशा ट्यूबमध्ये बहुधा एक तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक जंतुनाशक एकत्र असतं. नायट्यावर ती लावली की स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते. पुढे चट्ट्याची कडही पुसट होते, आणि मग डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. एक्झिमा असेल तर त्यातल्या बुरशीनाशकाचा उपयोग शून्य, आणि क्लोबेटासोलसारखं अतितीव्र स्टेरॉइड मुलाच्या घडीत नकोच. घडीत कातडीला कातडी चिकटलेली असते, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं आणि त्वचा पातळ होते. ट्यूबवर तीन औषधांची नावं दिसली, तर ती ठेवून द्यावी.

राहिले तीन पर्याय. त्यांची कामं वेगळी आहेत, त्यामुळे ‘यातलं कोणतं चांगलं’ यापेक्षा ‘आज त्वचा कोणत्या अवस्थेत आहे’ हे पाहावं.

मॉइश्चरायझर दुरुस्तीचं काम करतं. एक्झिमाच्या त्वचेचा वरचा थर गळका असतो: ओलावा बाहेर जातो, धूळ आणि साबण आत शिरतात. चट्टा नुसताच कोरडा असेल, लाली नसेल आणि मूल रात्री शांत झोपत असेल, तर एवढं एकच पुरतं. मात्र मात्रा भरपूर हवी. पाच वर्षांच्या मुलाच्या सर्वांगाला रोज दोनदा नीट लावलं, तर आठवड्याला 200 ग्रॅमच्या आसपास लागतं. छोटी बाटली महिनाभर पुरत असेल तर ते लावणं नावापुरतंच आहे. पाच ते दहा मिनिटं कोमट पाण्याने अंघोळ, टॉवेलने टिपणं (घासणं नाही) आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, लावणं. बिनवासाचंच घ्यावं. खोबरेल तेल चालतं, पण भेगाळलेल्या कोरड्या त्वचेला ते बहुधा अपुरं पडतं. ऑलिव्ह तेल मात्र टाळावं, ते त्वचेचा थर आणखी सैल करतं.

लाली आली, खाजेने झोपमोड होऊ लागली, की नुसतं मॉइश्चरायझर चोपडत राहणं ही दिरंगाई ठरते. आतला दाह स्टेरॉइडनेच लवकर विझतो. चेहरा, काख आणि जांघेसाठी हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्क्यासारखं सौम्य. कोपर-गुडघ्यांच्या घड्यांसाठी डॉक्टर थोडे दिवस मध्यम ताकदीचं देतात. मोजायला आपलंच बोट पुरतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली, की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं.

समजा, पाच वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कोपरांत आणि दोन्ही लवणींत चट्टे आहेत, मिळून आपल्या चार पंजांएवढे. म्हणजे रोज एकदा दोन पेरं, एक ग्रॅम. दहा दिवसांत 10 ग्रॅमची ट्यूब संपायला हवी. ती तीन महिने पुरली तर भीतीपोटी कमी लावलं जातंय. चार दिवसांत संपली तर जास्त. स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर यांच्यात अर्धा तास ठेवावा, नाहीतर औषध पसरून नको तिथे जातं. बहुतेक घरांत चूक होते ती थांबण्याच्या वेळी. लाली दोन-तीन दिवसांत जाते, पण डोळे मिटून बोट फिरवलं तर खरखर अजून लागते. त्वचा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत, डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत, लावत राहावं. नंतर तिथे फिकट किंवा काळसर डाग राहतो. तो बहुधा दाहाचा असतो, औषधाचा नाही, आणि काही महिन्यांत मिटतो.

टॅक्रोलिमस 0.03 टक्के हे दोन वर्षांवरील मुलांसाठी, स्टेरॉइड नसलेलं मलम आहे. त्याने त्वचा पातळ होत नाही, म्हणून पापण्या, मान आणि पुन्हा पुन्हा उठणाऱ्या घड्या यांसाठी तेच बरं. पण ते सावकाश काम करतं, महाग आहे आणि पहिले काही दिवस आग होते. त्या आगीमुळे बरेच पालक ते सोडून देतात. आधी स्टेरॉइडने दाह शमवून मग सुरू केलं तर आग कमी होते. चट्टा दर महिन्याला त्याच जागी येत असेल, तर डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस, त्वचा चांगली दिसत असतानाही, लावायला सांगतात.

चट्टा का उठतो यावर मॉइश्चरायझरचा प्रकार ठरतो. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिककडे हवा कोरडी, गरम पाण्याच्या अंघोळी आणि लोकरीचा स्वेटर थेट अंगाला. तेव्हा घट्ट, तेलकट मलम. स्वेटरच्या आत सुती बाही. एप्रिल-मेमध्ये मुंबई-कोकणात तेच मलम घाम कोंडतं आणि खाज वाढवतं. तिथे हलकं क्रीम घ्यावं. मूल खेळून आलं की घड्या साध्या पाण्याने धुवाव्यात आणि टेरिकॉटच्या गणवेशाच्या आत सुती बनियन घालावं. दिवाळीचं उटणं घासून लावणं आणि वासाचा साबण दोन्ही ऋतूंत नकोत. उन्हाळ्यात असो की हिवाळ्यात, तेलकट मलम लागलेले कपडे लवकर पेट घेतात, म्हणून पणती-गॅसपासून मूल दूर ठेवावं.

दूध-अंडी स्वतःहून बंद करू नयेत. अन्नाची ॲलर्जी बहुतेकदा खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी, उलटी, ओठ सुजणं अशी दिसते. आठवडाभर रेंगाळणारा घडीतला चट्टा सहसा अन्नामुळे नसतो, आणि पथ्याने मूल मात्र खंगतं.

पिवळट खपल्या, लस आणि दुखणं आलं तर जंतुसंसर्ग झाला असावा, त्याच दिवशी दाखवावं. एकसारख्या बारीक, पंच मारल्यासारख्या खळग्या-फोडांचे घोस आणि सोबत ताप दिसला, तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइड लावत न बसता, रात्र असली तरी मुलाला रुग्णालयात न्यावं.