‘सॉल्ट तेच आहे’: ब्रँड, जेनेरिक आणि मेटोप्रोलॉलच्या दोन पट्ट्या

चिठ्ठीवर डॉक्टरांनी कंपनीचं नाव लिहिलेलं असतं आणि केमिस्ट म्हणतो, “ही आज नाहीये, दुसरी देऊ का? सॉल्ट तेच आहे.” यातली कुठली अदलाबदल बिनधास्त मान्य करावी आणि कुठे थांबावं, हे रक्तदाबाच्या एका गोळीवरून चांगलं कळतं. ती गोळी म्हणजे मेटोप्रोलॉल.

काउंटरवर ‘सॉल्ट’ म्हणतात ते गोळीतल्या मूळ औषधाला. रसायनशास्त्रात मात्र मूळ औषध आणि त्याला जोडलेलं आम्ल मिळून सॉल्ट होतं. मेटोप्रोलॉल दोन रूपांत विकलं जातं: टार्ट्रेट आणि सक्सिनेट. टार्ट्रेटची साधी गोळी लवकर विरघळते, तिचा असर काही तासांत ओसरतो, म्हणून ती सहसा दिवसातून दोनदा घ्यायची असते. सक्सिनेटची गोळी औषध दिवसभर थोडं थोडं सोडते, त्यामुळे एकदाच पुरते. दोन्हींवर 50 लिहिलेलं असतं आणि दोन्हींना दुकानात ‘मेटोप्रोलॉल पन्नास’च म्हणतात.

आता समजा, चिठ्ठीवर सक्सिनेट 50, सकाळी एक, असं आहे आणि हातात साधी टार्ट्रेटची पट्टी पडली. रुग्ण ती सवयीने सकाळी एकच घेतो. सुरुवातीचे काही तास नाडी नेहमीपेक्षा मंद होऊन चक्कर येऊ शकते, आणि रात्रीपासून दुसऱ्या सकाळपर्यंत औषध जवळजवळ नसल्यासारखं असतं. घरी मशीन असेल तर सकाळची गोळी घेण्याआधी मोजलेला रक्तदाब आणि नाडी चढलेली दिसेल. दुपारी मोजणाऱ्याला मात्र सगळं ठीकच वाटेल. हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी तर प्रश्न याहून मोठा आहे, कारण मेटोप्रोलॉलने मृत्यूचं प्रमाण घटल्याचा भक्कम पुरावा सक्सिनेटच्या गोळीचा आहे, साध्या टार्ट्रेटचा नाही.

पट्टी वाचताना एक जागा हमखास गोंधळात टाकते. सक्सिनेटच्या पट्टीमागे बारीक अक्षरांत असं असतं: मेटोप्रोलॉल सक्सिनेट आयपी 47.5 मिग्रॅ, म्हणजे मेटोप्रोलॉल टार्ट्रेट 50 मिग्रॅच्या बरोबरीचं. टार्ट्रेट हा शब्द दिसला म्हणून चुकीची गोळी आली असं समजू नका. ते फक्त वजनाचं गणित आहे. पाहायचं ते सुरुवातीचं नाव, आणि ‘एक्स्टेंडेड रिलीज’ किंवा ‘प्रोलाँग्ड रिलीज’ हे शब्द. ब्रँडच्या नावामागे एक्सएल, एक्सआर किंवा ईआर लागतं ते यासाठीच.

हे सगळं जुळलं, म्हणजे सॉल्टचं पूर्ण नाव, मिलिग्रॅम आणि गोळी औषध सोडण्याची पद्धत तीच असेल, तर कंपनी बदलायला माझी हरकत नाही. महागड्या ब्रँडला आणि जनऔषधी केंद्रातल्या गोळीला परवाना एकाच कायद्याखाली मिळतो, आणि ‘आयपी’ लिहिलेलं असेल तर भारतीय औषधकोशाचे निकषही दोन्हींना तेच. दर महिन्याला, वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीत वाचणारे पैसे खरे असतात. पैसे नाहीत म्हणून गोळी एक दिवसाआड घेण्यापेक्षा स्वस्त जेनेरिक रोज घेणं कितीतरी बरं.

मात्र ‘जेनेरिक’ म्हटलं की स्वस्त, असं धरून चालू नका. काही जेनेरिकच्या पट्टीवर ब्रँडइतकीच एमआरपी छापलेली असते, दुकानदाराची खरेदी बरीच कमी दराची असते, आणि त्यातली थोडी सूट तुम्हाला मिळते. एका पट्टीत 10 गोळ्या, दुसरीत 15, असंही असतं. म्हणून एका गोळीचा भाव काढूनच तुलना करा.

थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, फिट्सची औषधं आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांत मी ब्रँड की जेनेरिक यापेक्षा एकच कंपनी टिकवण्याला महत्त्व देईन. या औषधांत जराशा फरकानेही त्रास होऊ शकतो. लेव्होथायरॉक्सिनची कंपनी बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावं. फिट्स आणि वॉरफरिनच्या बाबतीत डॉक्टरांना आधी विचारल्याशिवाय बदल नको.

नियम काय म्हणतो तेही माहीत असावं. अनुसूची एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाच्या जागी केमिस्टला आपल्या मर्जीने दुसरं देता येत नाही, त्यात तोच घटक असला तरीही. चिठ्ठी जेनेरिक नावाने असेल तर कंपनी निवडायची मोकळीक आपोआप मिळते. म्हणून डॉक्टरांकडेच सांगावं, “औषधाचं नाव पूर्ण लिहून द्या, सक्सिनेट ईआरसकट.”

आणि घरी आल्यावर चुकीची पट्टी लक्षात आली, तर गोळी एकदम बंद करू नका; मेटोप्रोलॉल अचानक सोडल्यास छातीत दुखणं वाढू शकतं. दोन्ही पट्ट्यांच्या मागच्या बाजूचा फोटो डॉक्टरांना पाठवून पुढचा डोस विचारा. बिल जपून ठेवा, पट्टी बदलून घेताना लागेल.