लक्ष्मी, चविष्ट की कराड कांडप? दुकानाचं नाव आणि डोमेन

वहिनी कराडात मसाल्यांचं छोटं दुकान टाकतायत आणि नाव असं हवंय की तेच पाटीवर आणि तेच वेबसाइटला. यादी तीनवर आली: लक्ष्मी मसाले, चविष्ट, कराड कांडप.

खरा घोळ स्पेलिंगचा आहे. पाटीवर मराठीत वाचतात पण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. लक्ष्मी घ्या, कोणी lakshmi लिहितं कोणी laxmi, पुढे masale की masala, झाली चार रूपं, शिवाय इतकं चालतं नाव म्हणजे डोमेन आधीच गेलेलं असायची शक्यता जास्त. मग लोक मध्ये हायफन नाहीतर मागे आकडा लावून घेतात, आणि फोनवर "लक्ष्मी, मग आडवी रेघ, मग मसाले" सांगत बसतात, गिऱ्हाईक रेघ विसरतं आणि पोचतं दुसऱ्याच्याच दुकानात.

चविष्ट दिसायला एकदम छान, मला आधी तेच आवडलेलं. पण chavisht, chavishta, chawisht, chawishta, इथेही चार! चारही घ्यायची तर दरवर्षी चारांचं रिन्यूअल, आणि पहिल्या वर्षीच्या ऑफरपेक्षा रिन्यूअल बऱ्याचदा महाग पडतं. एकच घेतलं तर बाकीची तीन कोणीही उचलू शकतो.

कराड कांडप मध्ये गावाचं स्पेलिंग स्टेशनच्या बोर्डावरच आहे, Karad, त्यात कोणी अडखळत नाही. उरतं kandap की kaandap एवढंच, म्हणजे karadkandap.in मुख्य ठेवायचं आणि दोन a वालं घेऊन तिकडे वळवायचं. मिरची कांडप हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो. तोटा पण आहे, गावाचं नाव आणि धंद्याचंच वर्णन, त्यामुळे ट्रेडमार्क मिळणं अवघड, तिथे चविष्टही फार पुढे नाही म्हणा, तेही मालाचं वर्णनच. आणि डोमेन घेतलं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं नसतं हे वेगळंच. उद्या पुण्यात शाखा काढली तर कराड तसंच राहू दे, तिकडे उलट चालेल.

देवनागरीत .भारत पण मिळतं, स्पेलिंगचा प्रश्नच संपतो. पण आतून ते xn-- ने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांतच चालतं, काही ठिकाणी तसंच विचित्र दिसतं, आणि त्यावरचा ईमेल पत्ता बरेच फॉर्म घेत नाहीत. जोडीला घ्या, एकटं नको.

वहिनींना मी सांगितलंय, पाच जणांना फोनवर नाव नुसतं ऐकवा आणि व्हॉट्सअॅपवर इंग्रजीत लिहून मागवा. चौघांनी सारखं लिहिलं तर त्याच दिवशी आधी डोमेन, तेही स्वतःच्या ईमेलवर, वेबसाइट बनवणाऱ्याच्या नाही, आणि मग पाटीवाल्याला ॲडव्हान्स.